सर्वेक्षणात नव्याने सापडलेले १८ मधुमेही इन्सिडन्समध्ये धरायचे की प्रिव्हॅलन्समध्ये?

शुभ्रवेष

नमस्कार. मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण घेत आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्या या विषयासाठी आमच्या गटाची नेमणूक पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका वस्तीत झाली होती. तिथे आम्ही तीस वर्षांवरील ६०० जणांची यादी केली. त्यांपैकी ४८ जण आधीपासून मधुमेहाच्या गोळ्या घेत होते. उरलेल्या ५५२ जणांची आम्ही बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर तपासणी केली. १४० किंवा त्याहून अधिक साखर असेल त्याला पुढे पाठवायचे, असे आम्हाला सांगितलेले होते. असे ६० जण निघाले. त्यांना उपाशीपोटी आणि दोन तासांनंतरच्या तपासणीसाठी दवाखान्यात नेले. पहिल्या आठवड्यात अर्ध्याहून थोडेच अधिक आले, पण आशाताईंनी घरोघरी जाऊन तीन आठवड्यांत सगळ्यांना आणले. त्यांपैकी १८ जणांना मधुमेह असल्याचे नक्की झाले.

अहवालात मी इन्सिडन्स ५५२ मध्ये १८ असा लिहिला, प्रिव्हॅलन्स ६०० मध्ये ४८ म्हणजे ८ टक्के लिहिला, आणि चाचणीची सेन्सिटिव्हिटी ६० पैकी १८ म्हणजे ३० टक्के लिहिली. तिन्ही उत्तरांवर लाल रेघ आली आणि शेजारी 'पुन्हा विचार करा' एवढेच लिहिलेले आहे. मी दोन दिवस विचार करत आहे, परंतु चूक सापडत नाही. सूत्रे मला पाठ आहेत, तरी ती या वस्तीला लावताना माझे नेमके काय चुकते आहे, ते कोणी समजावून सांगेल का?

कोथरूडकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण कन्येच्या अभ्यासामुळे हा भाग वाचलेला आहे. नवे रुग्ण म्हणजे इन्सिडन्स, आणि जुने व नवे मिळून प्रिव्हॅलन्स. त्यामुळे तुमची केवळ प्रिव्हॅलन्सची चूक झाली आहे, असे मला वाटते. ४८ आणि १८ मिळून ६६ होतात, म्हणजे ६०० मध्ये ११ टक्के. बाकीची दोन उत्तरे मला बरोबर वाटतात. ६० जणांना पाठवून १८ च निघाले, याचा अर्थ चाचणी कमकुवत आहे, आणि ३० टक्के हा आकडा तेच सांगतो.

निवृत्त सिस्टर

कोथरूडकर, ११ टक्के हे तुमचे उत्तर योग्य आहे. इन्सिडन्सबद्दल मात्र मी सहमत नाही, आणि ही चूक मी पस्तीस वर्षांत इतक्या विद्यार्थिनींच्या वह्यांमध्ये पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

शुभ्रवेष, त्या १८ जणांना मधुमेह कधी झाला, हा प्रश्न तू स्वतःला विचार. त्यांपैकी कोणाच्या तळपायांची आग दोन वर्षांपासून होत असेल, कोणी रात्री चार वेळा उठत असेल. आजार जुना आहे, केवळ आपल्याला तो आज समजला.

स्वारगेटहून कात्रजला जाणारी बस डोळ्यांसमोर आण. या क्षणी बसमध्ये किती प्रवासी आहेत, ते मोजले तर तो प्रिव्हॅलन्स झाला. पद्मावतीच्या थांब्यापासून बालाजीनगरपर्यंत किती प्रवासी नव्याने चढले, ते मोजले तर तो इन्सिडन्स झाला. आता समज, मागच्या बाकावर चार माणसे झोपलेली होती आणि वाहकाला ती बालाजीनगरला दिसली. त्याने त्यांना तिकीट दिले, म्हणजे त्याच्या वहीत ती चार नावे नवी आहेत, पण ती माणसे बालाजीनगरला चढलेली नाहीत. तुझे १८ रुग्ण मागच्या बाकावरचे आहेत.

वस्तीत एकदाच जाऊन केलेल्या सर्वेक्षणातून प्रिव्हॅलन्स मिळतो. इन्सिडन्स हवा असेल, तर आज आजार नसलेल्यांची यादी करून काही काळाने त्याच माणसांकडे परत जावे लागते. तुझ्या पहिल्या उत्तरावर त्यासाठी रेघ आहे.

तळजाईचा रहिवासी

येथे तपासणी शिबिरांबद्दल चर्चा चालली आहे, म्हणून आमचा अनुभव लिहितो. माझे वडील रोज पहाटे टेकडीवर फिरायला जातात. दोन वर्षांपूर्वी तिथे एका शिबिरात त्यांची साखर तपासली आणि ती १३२ निघाली. '१४० च्या आत आहे, उत्तम आहे,' असे त्यांना सांगण्यात आले. ते निर्धास्त राहिले. गेल्या दिवाळीत नजर धूसर झाली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा पडद्यावर मधुमेहाचे परिणाम दिसू लागले असल्याचे समजले. मग या ग्लुकोमीटरवर विश्वास कसा ठेवायचा? ही यंत्रे बंद करून सरळ प्रयोगशाळेतली तपासणी सक्तीची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त सिस्टर

वाचून वाईट वाटले. एक विचारते, वडिलांनी त्या पहाटे काही खाल्ले होते का?

तळजाईचा रहिवासी

नाही. रात्री नऊला जेवून ते सकाळी सहाला चहासुद्धा न घेता बाहेर पडतात.

उपकेंद्र

मी मुळशी तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. दादा, यंत्राने बहुधा बरोबरच आकडा दाखवला होता. १४० ही मर्यादा कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तासाठी आहे आणि त्यात माणसाने काही खाल्लेले असण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. उपाशीपोटी मात्र १२६ किंवा त्याहून अधिक साखर असेल, तर मधुमेहाचा संशय घेऊन पुन्हा तपासावे लागते. वडील नऊ तासांचे उपाशी होते, म्हणून १३२ हा आकडा पुढे पाठवण्याजोगा होता. शिबिरात शेवटचे खाणे केव्हा झाले, एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर ते त्याच दिवशी सापडले असते. आमच्याकडच्या नोंदवहीत मी त्यासाठी वेगळा रकाना आखून घेतला आहे.

हे विषयांतर नाही, शुभ्रवेष. सेन्सिटिव्हिटी कमी होते ती अशा माणसांमुळेच. तुमच्या गटाने तपासणी कोणत्या वेळी केली आणि खाण्याची वेळ नोंदवली होती का?

शुभ्रवेष

ताई, आम्ही सकाळी सात ते दहा या वेळेत जात होतो, कारण त्यानंतर लोक कामाला जातात. खाण्याची वेळ आम्ही नोंदवलेली नाही. हे वाचल्यापासून मनात एकच विचार आहे की, आम्ही 'ठीक आहे' असे सांगितलेल्यांमध्ये असे कितीजण असतील?

ताळेबंद

तुम्ही आत्ता जो प्रश्न विचारलात, तोच सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न आहे. मी आरोग्यविषयक आकडेवारीचे काम करतो, त्यामुळे तिसऱ्या रेघेबद्दल लिहितो.

तुम्ही १८ ला ६० ने भागलेत. त्या ६० मध्ये कोण आहे? ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली ते. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरोखर आजारी किती, याचे उत्तर ३० टक्के आहे. ते उपयोगाचे उत्तर आहे, कारण त्यावरून दवाखान्याला कळते की पाठवलेल्या दहांपैकी साधारण तिघेच मधुमेही निघतील. पण ती सेन्सिटिव्हिटी नव्हे. सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न उलट बाजूने विचारलेला असतो. खरोखर आजारी असलेल्या सगळ्यांना एका बाजूला उभे केले, तर त्यांतल्या किती जणांना चाचणीने पकडले? तिथे भागाकारात खाली ६० येत नाहीत, तर त्या ५५२ जणांमधले सगळे खरे मधुमेही येतात.

आणि ते किती आहेत, हे तुम्हाला ठाऊक नाही. पुढची तपासणी ६० जणांचीच झाली. १४० च्या आत आलेले ४९२ जण घरी गेले. त्यांच्यात लपलेले मधुमेही मोजल्याशिवाय तुमच्या माहितीतून सेन्सिटिव्हिटी काढता येणारच नाही. कोथरूडकर, चाचणी कमकुवत आहे असे तुम्ही म्हणालात ते कदाचित खरे ठरेल, पण ३० टक्के हा आकडा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

कोथरूडकर

मान्य. बसच्या उदाहरणामुळे इन्सिडन्सची माझी चूकही लक्षात आली. एक शंका आहे. आमच्या भागात पावसाळ्यात डेंग्यूचे पुष्कळ रुग्ण होतात, तिथेही नवे सापडलेले आणि नवे झालेले यांत एवढा फरक पडतो का?

निवृत्त सिस्टर

तिथे फारसा पडत नाही, कारण डेंग्यूचा प्रवासी पुढच्याच थांब्यावर उतरतो. समजा, एका वस्तीत ऑगस्टच्या ३१ दिवसांत २० जणांना डेंग्यू झाला आणि प्रत्येकजण साधारण सात दिवस आजारी होता. त्या महिन्याचा इन्सिडन्स २० आहे, पण कोणत्याही एका दिवशी घरोघरी गेलात तर आजारी माणसे चार किंवा पाचच भेटतील. मधुमेहात याच्या उलट घडते. वर्षभरात मोजकेच चढतात, पण चढलेला माणूस उतरत नाही, म्हणून बस भरलेली दिसते.

जुईली

मीसुद्धा नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. तोंडी परीक्षेत मला विचारले होते की, उपचार सुधारल्यावर प्रिव्हॅलन्स वाढू शकतो का. मी 'नाही' म्हणाले आणि गुण गेले. आता बसच्या उदाहरणावरून वाटते की उत्तर 'हो' असावे?

निवृत्त सिस्टर

हो. एचआयव्हीची औषधे आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. त्याआधी माझ्या वॉर्डात आलेले रुग्ण फार काळ जगत नसत. औषधांमुळे माणसे वर्षानुवर्षे जगू लागली, म्हणजे ती बसमध्येच राहिली. नव्या लागणी कमी होत असतानाही एकूण रुग्णांची संख्या तेवढी घटत नाही, त्यामागे हे एक कारण आहे. आजारातून पूर्ण बरे करणारा उपचार असेल, तर मात्र माणूस लवकर उतरतो आणि प्रिव्हॅलन्स कमी होतो. परीक्षकांना हे दोन्ही अपेक्षित असते.

उपकेंद्र

पुन्हा शुभ्रवेषच्या वस्तीकडे येते. ४९२ जणांना उपाशीपोटी दवाखान्यात आणणे विद्यार्थ्यांच्या गटाला झेपणारे नाही, पण सगळ्यांना आणण्याची आवश्यकताही नाही. यादीतला दर चौथा माणूस घ्या, म्हणजे १२३ जण होतील. एक काळजी घ्या. जो सहज येईल त्याला घेऊ नका, तर यादीत ज्याचा क्रमांक येईल त्यालाच घ्या. सहज येणारे बहुधा घरी असणारे वयस्कर लोक असतात, त्यांच्यात मधुमेह अधिक सापडेल आणि हिशेब बिघडेल.

शुभ्रवेष

मार्गदर्शक मॅडमशी बोलून परवानगी घेते आणि झाल्यावर येथे कळवते.

शुभ्रवेष

(तीन आठवड्यांनंतर)

उपकेंद्र ताईंनी सांगितल्याप्रमाणे दर चौथे नाव घेतले. बिगारी कामाला जाणारे अकरा पुरुष सापडत नव्हते, त्यांच्यासाठी आम्ही रविवारी पहाटे गेलो. १२३ पैकी ३ जणांना मधुमेह निघाला. त्यांपैकी दोघांनी आमच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी काही खाल्लेले नव्हते, असे ते स्वतः म्हणाले. तळजाईच्या काकांसारखेच. आता पुढचा हिशेब कसा करू?

ताळेबंद

तुम्ही केवळ चौथा भाग तपासलात आणि त्यात ३ निघाले. त्यामुळे पूर्ण ४९२ मध्ये साधारण १२ असावेत, असा अंदाज करता येतो. म्हणजे ५५२ जणांमध्ये खरे मधुमेही १८ आणि १२ मिळून ३० होते. चाचणीने त्यांतले १८ पकडले. सेन्सिटिव्हिटी ३० पैकी १८, म्हणजे ६० टक्के.

आता प्रिव्हॅलन्सकडे पुन्हा पाहा. ६६ वर १२ चढवले की ७८ होतात, आणि ६०० मध्ये ७८ म्हणजे १३ टक्के. तुम्ही आरंभी ८ लिहिले होते, कोथरूडकरांनी ११ केले आणि निसटलेले धरल्यावर ते १३ झाले. माणसे तीच आहेत. केवळ गोळ्या घेणारे मोजायचे, सापडलेले मोजायचे की न सापडलेल्यांचाही अंदाज करायचा, यावर आकडा बदलत गेला. त्यामुळे प्रिव्हॅलन्सचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या चाचणीने काढला आहे, हे आधी विचारावे. याचे मोठे उदाहरण २०१९ ते २०२१ मध्ये देशात झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात दिसते. त्यात लक्षणे विचारण्याबरोबर सर्वांच्या छातीचा एक्स-रेही काढला होता. केवळ लक्षणांवर अवलंबून राहिले असते, तर जवळपास ४३ टक्के रुग्ण निसटले असते.

एक सावधगिरी मात्र अहवालात अवश्य लिहा. तुमचा सगळा अंदाज ३ माणसांवर उभा आहे. योगायोगाने त्या १२३ मध्ये १ च निघाला असता, तर सेन्सिटिव्हिटी २२ पैकी १८ म्हणजे ८२ टक्के आली असती. ६ निघाले असते, तर ४२ पैकी १८ म्हणजे ४३ टक्के. म्हणून नुसते '६० टक्के' न लिहिता हा पल्लाही मांडा.

निवृत्त सिस्टर

माझी एक भर. ज्याला कोणतेही लक्षण नाही, त्याचे निदान एका दिवसाच्या एका तपासणीवर करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करावी. त्या तिघांची आणि आधीच्या १८ जणांची तशी खात्री झाली आहे का, ते पाहा. ज्या तपासणीला आपण अंतिम मानतो, तीच डळमळीत असेल तर तिच्यावर उभी केलेली सेन्सिटिव्हिटीही डळमळते.

तळजाईचा रहिवासी

माझे आधीचे मत घाईने मांडलेले होते, हे मला जाणवते. पण मग मर्यादा १४० वरून ११० वर का आणत नाहीत? माझे वडील सापडले असते.

निवृत्त सिस्टर

मला ही सूचना पटते. निसटलेल्या माणसाला कळायला पुढे कित्येक वर्षे जातात, तोवर पाय आणि डोळे गेलेले असतात. जास्त माणसे पाठवावी लागली तरी हरकत नाही.

उपकेंद्र

सिस्टर, तुमच्या अनुभवाचा मान राखून मी असहमती नोंदवते. १४० ठेवूनही या वस्तीत ६० पैकी ४२ जण आजार नसताना पाठवले गेले. त्यांतल्या बहुतेकांची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असेल. मर्यादा ११० केली तर अशांची संख्या कित्येक पटींनी वाढेल, आणि दोन वेळा उगीच धावपळ झालेला माणूस तिसऱ्यांदा बोलावल्यावर येत नाही. मग कागदावर सेन्सिटिव्हिटी वाढेल, पण पाठवलेले दवाखान्यात पोहोचणारच नाहीत. मर्यादा खाली आणण्यापेक्षा खाण्याची वेळ विचारून उपाशी माणसाला १२६ ची मर्यादा लावणे मला अधिक योग्य वाटते.

निवृत्त सिस्टर

खाण्याची वेळ नोंदवण्याबद्दल दुमत नाही. पण पहाटे दोन घास खाऊन निघालेल्या माणसाचे काय? तो उपाशीही नाही आणि पोटभर खाल्लेलाही नाही. अशांसाठी मी अजूनही खालच्या मर्यादेच्या बाजूने आहे.

जुईली

मग शुभ्रवेषच्या वस्तीचा इन्सिडन्स शेवटी कितीचा?

ताळेबंद

तो अजून कोणालाच ठाऊक नाही, कारण वेळ गेलेला नाही. त्यासाठी पुढच्या वर्षीच्या तुकडीने परत जायला हवे. पण त्यात एक धोका आहे. आज माहीत असलेले मधुमेही ४८, १८ आणि ३ मिळून ६९ आहेत. उरलेल्या ५३१ जणांना 'आजार नाही' असे समजून तुम्ही यादी कराल. परंतु आपल्या अंदाजाने त्यांच्यात ९ जण लपलेले आहेत. समजा, पुढच्या वर्षीच्या मुलींना त्या ५३१ मध्ये १२ मधुमेही सापडले. त्या १२ इन्सिडन्स लिहितील, आणि कदाचित त्यांतले खरे नवे ३ च असतील. मागच्या बाकावरचे प्रवासी एक वर्ष उशिरा दिसले, एवढेच घडलेले असेल.

त्यावर उपाय आरंभीच करावा लागतो. न तपासलेले ३६९ जण आजच उपाशीपोटी तपासून घेतले, तर पुढच्या वर्षीचा आकडा विश्वासार्ह होईल.

शुभ्रवेष

३६९ जणांचे आम्ही तीन गटांत वाटप केले आहे. मॅडमनी इंटर्नशिपच्या कामात ते बसवून दिले. सोमवारपासून पहाटे सहाला आरंभ करतो, आणि या वेळी तक्त्यात शेवटच्या खाण्याची वेळ पहिल्याच रकान्यात आहे.

एक अडचण उरते. वस्तीत अनेक कुटुंबे भाड्याने राहतात. आमच्या यादीतल्या एक ताई चार महिन्यांनी धायरीला जाणार आहेत. त्यांना वर्षाच्या हिशेबात धरायचे की वगळायचे?

ताळेबंद

जेवढा काळ तुमच्या नजरेखाली होत्या, तेवढा धरा. त्यांचे वर्षाऐवजी चार महिने मोजा. मात्र जाण्यापूर्वी त्यांची तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या चार महिन्यांत काय झाले ते कळणार नाही. पुण्याजवळ वढू येथे २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची अशी नोंद ठेवली जाते. कोण आले, कोण गेले, कोणाचा जन्म आणि मृत्यू झाला, हे फेऱ्या करून लिहिले जाते. गावात कोण किती काळ होते हे माहीत असल्यामुळेच तिथे इन्सिडन्स काढता येतो.

उपकेंद्र

मी तर म्हणेन की धायरीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवा आणि वर्षाने तिथेच जाऊन तपासा. ती बाई तुमच्या यादीत आहे, वस्ती नव्हे.

निवृत्त सिस्टर

प्रश्न वस्तीच्या इन्सिडन्सचा असेल, तर धायरीतले आठ महिने त्यात धरावेत की नाही, याबद्दल मला शंका आहे. पण पत्ता मात्र घेऊन ठेव, आणि त्या ज्या दिवशी जातील ती तारीख त्याच दिवशी लिही. वर्षाने शेजाऱ्यांना विचारलेस, तर कोणी होळी सांगेल आणि कोणी पाडवा.